दोन सीआयएफ, एक लक्ष्मीबाई

मराठवाड्यात तिला ‘हैदराबाद बँक’च म्हणत. निजामाच्या काळात १९४१ साली कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ साली स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १९५९ साली स्टेट बँक ऑफ इंडियाची उपबँक. परभणी, नांदेड, बीडकडच्या किती तरी घरांतलं पहिलं पासबुक तिचंच. १ एप्रिल २०१७ रोजी ही बँक इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकेसह स्टेट बँकेत विलीन झाली. पाट्या बदलल्या ते सगळ्यांना दिसलं. नोंदवह्या कशा एक झाल्या, ते फारसं कुणी विचारलं नाही.

क्रमांकांचं काम त्या मानाने सोपं होतं. आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य आणि शेवटची सहा शाखेची. शाखेचे क्रमांक एकमेकांवर आदळत नव्हते, त्यामुळे `SBHY0020` ने सुरू होणारा कोड `SBIN0020` झाला आणि पुढचे आकडे तेच राहिले. खातेक्रमांकही चालू राहिले. दोन्ही बँका आधीपासून एकाच जातीच्या संगणक प्रणालीवर होत्या, हे मोठं नशीब. मात्र एकाच पेठेत दोन शाखा उरल्या आणि त्यांतली एक बंद झाली की कोड बदलावाच लागे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुमारे तेराशे शाखांची नावं आणि कोड बदलले, ते अशा फेरमांडणीतून.

खरी गाठ सीआयएफमध्ये होती. खातं म्हणजे पैशाची नोंद, सीआयएफ म्हणजे माणसाची. एका माणसाची पाच खाती असली तरी सीआयएफ एकच असावा, असा नियम. पण ज्याची एक ठेव हैदराबाद बँकेत आणि दुसरी स्टेट बँकेत होती, तो विलीनीकरणाच्या दुसऱ्या दिवशी एकाच बँकेत दोन माणसं होऊन बसला. एकत्रित बँकेचे ग्राहक ३७ कोटी, असा आकडा तेव्हा सांगितला जायचा. त्यांतली माणसं किती आणि सीआयएफ किती, असा प्रश्न मला तेव्हाही पडत असे.

नमुन्यासाठी एक काल्पनिक नोंद घेऊ. एका यादीत ‘लक्ष्मीबाई गणपतराव देशमुख’, दुसरीत ‘Deshmukh Laxmi G’. पहिलीत पॅन आहे. दुसरं खातं जुनं, तिथे फॉर्म ६० भरून घेतलेला, म्हणजे पॅन नाही. जन्मतारीख पहिलीत १ जून, दुसरीत १४ ऑगस्ट. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहिण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही तफावत नवी नाही. उलट दोन्हीकडे १ जून जुळली, तरी तो पुरावा फार कच्चा, कारण ती तारीख अर्ध्या गावाची असते.

यंत्र अशा नोंदी कशा पकडतं? दहा लाखांच्या दोन याद्यांत प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडायचं म्हटलं, तर एक लाख कोटी जोड्या होतात. म्हणून आधी गट पाडतात: तोच मोबाईल, तोच पिनकोड, आडनावाचा तोच उच्चार. मग गटातल्या जोड्यांनाच गुण देतात. पॅन जुळला तर भरपूर, नाव जुळलं तर थोडे, आणि ‘शेख’ किंवा ‘देशमुख’ एवढंच जुळलं तर जवळजवळ काहीच नाही. वरच्या गुणांच्या जोड्या एक होतात, खालच्या सोडून देतात आणि मधल्या जोड्या माणसाच्या टेबलावर येतात. आपल्या लक्ष्मीबाई या मधल्या ढिगात. त्यांचा मोबाईल दोन्हीकडे सारखा आहे, पण तो मुलाचा. त्याच क्रमांकावर सुनेचंही खातं आहे. मोबाईलवर भरवसा ठेवला, तर सासू-सून एका सीआयएफमध्ये जातील.

इथे दोन चुकांचं वजन सारखं नसतं. जोडी सुटली तर लक्ष्मीबाईंना एका लॉगिनमध्ये अर्धीच खाती दिसतील. शाखेत अर्ज आणि केवायसीची कागदं दिली की दुरुस्ती होते. पण चुकीची जोडी लागली तर एकीची ठेव दुसरीला दिसते, आणि वेगळं करताना कोणता पत्ता, कोणती सही कुणाची, हे पुन्हा शोधावं लागतं. म्हणून जाणकार जुना सीआयएफ पुसत नाहीत. एक चालू ठेवतात, दुसरा त्याला जोडतात आणि कुणी, कधी, कशाच्या आधारे जोडलं ते लिहून ठेवतात.

जोडल्यावर ग्राहकाला काय दिसतं? २०१७-१८ साली बँकेकडून वर्षाचं ठेवींचं व्याज दहा हजारांवर गेलं की टीडीएस कापत. लक्ष्मीबाईंना एका ठेवीवर ७,००० आणि दुसरीवर ६,००० व्याज मिळत होतं. बँका दोन होत्या तोवर कपात शून्य. बँक एक झाली आणि नोंदीही जुळल्या, तर व्याज १३,००० आणि पॅन असल्यास दहा टक्क्यांनी कपात १,३००. नोंदी जुळल्या नाहीत, तर बँक एक होऊनही ती कपात यंत्राच्या नजरेतून निसटू शकते. त्यामुळे दुरुस्तीनंतर लक्ष्मीबाई काउंटरवर येतात त्या आभार मानायला नाही, तेराशे रुपये कुठे गेले ते विचारायला.