महिन्याच्या मध्येच प्लॅन वाढवला, तर कार्डावर किती?

एका फोटो स्टुडिओच्या मालकाची गोष्ट धरून चालू. गोष्ट मनातली आहे, आकडेमोड मात्र नेहमी होते तशीच. फोटो साठवायला त्यांनी एक ऑनलाइन सेवा घेतली आहे. साध्या प्लॅनचे महिन्याला 600 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे दर महिन्याच्या 10 तारखेला सकाळी 10 वाजता कार्डावरून 708 रुपये जातात. गणपतीत काढलेल्या व्हिडिओंनी जागा भरली म्हणून 22 सप्टेंबरला सकाळी 10 वाजता त्यांनी 1500 रुपयांचा मोठा प्लॅन निवडला. स्क्रीनवर आकडा आला 637 रुपये 20 पैसे.

हा आकडा पाहून माणूस थबकतो. दोन प्लॅनमधला फरक 900 रुपयांचा. तो मागितला असता तर कळलं असतं. पूर्ण 1500 मागितले असते तर रागावता तरी आलं असतं. 637 रुपये 20 पैसे हे कुठून आलं?

खानावळीत महिन्याचे पैसे आधी भरून अर्धा डबा लावलेला असावा आणि बारा दिवसांनी पूर्ण डबा सुरू करावा, तेव्हा काकू जो हिशेब करतील तोच इथे यंत्र करतं. 10 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर हे 30 दिवस. त्यातले 12 संपले, 18 उरले. साध्या प्लॅनचा दिवसाचा दर 20 रुपये, म्हणजे न वापरलेल्या 18 दिवसांचे 360 रुपये ग्राहकाच्या नावावर जमा. मोठ्या प्लॅनचा दिवसाचा दर 50 रुपये, म्हणजे त्याच 18 दिवसांचे 900 रुपये देणं. 900 मधून 360 गेले, राहिले 540. त्यावर 18 टक्क्यांनी 97 रुपये 20 पैसे जीएसटी. झाले 637.20.

हा हिशेब बरोबर आहे का, हे उलट्या बाजूनेही ताडून बघता येतं. कर बाजूला ठेवला तर त्या महिन्यात मालकांनी आधीचे 600 आणि आताचे 540 मिळून 1140 रुपये दिले. वापरलं काय? 12 दिवस 20 रुपयांनी, म्हणजे 240, आणि 18 दिवस 50 रुपयांनी, म्हणजे 900. बेरीज तीच, 1140. कंपनीची पद्धत कोणतीही असो, ही बेरीज जुळली की बिल सरळ आहे असं समजावं. माझ्या मते एवढा एकच ताळा घरच्या माणसाला पुरतो.

बिलावर मात्र हे 540 एकरकमी दिसत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. स्ट्राइप ही कंपनी अनेक वेबसाइटसाठी कार्डावरची वर्गणी गोळा करते. तिच्या बिलात बदलाच्या दोन ओळी येतात. `Unused time` ने सुरू होणारी ओळ वजा रकमेची असते, ती जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दिवसांची. `Remaining time` ने सुरू होणारी अधिक रकमेची असते, ती नव्या प्लॅनच्या तेवढ्याच दिवसांची. वजा रक्कम पाहून पुष्कळ जण परताव्याची वाट बघत बसतात. तो परतावा शेजारच्या ओळीत आधीच वळता झालेला असतो.

आता थोडे पैशांचे बारकावे. स्ट्राइपचं यंत्र दिवस मोजत नाही, सेकंद मोजतं. मालकांनी बटण सकाळी 10 ऐवजी संध्याकाळी 6 वाजता दाबलं असतं, तर 17 दिवस आणि 16 तास उरले असते आणि फरक 540 ऐवजी 530 रुपये आला असता. काही सेवा अख्खे दिवसच धरतात. त्यामुळे आपल्या कागदावरचा आकडा आणि बिलावरचा आकडा यांत पाच-दहा रुपयांची तफावत निघाली, तर आधी घड्याळ बघावं. शिवाय भागाकार 30 ने होईलच असं नाही. 10 फेब्रुवारी ते 10 मार्च हे, लीप वर्ष नसेल तर, 28 दिवसच भरतात. तेव्हा 18 दिवस उरले असताना तोच बदल केला तर फरक 578 रुपये 57 पैसे होतो. दर वाढलेला नसतो, महिना लहान असतो.

हिशेब असा एकच असला तरी पैसे कधी आणि कोणत्या रूपात घ्यायचे, हे सेवा देणारी कंपनी ठरवते. वरच्या उदाहरणात फरक लगेच घेतला. स्ट्राइपमध्ये कंपनीने वेगळं काही निवडलं नाही, तर महिन्याच्या प्लॅनवरून महिन्याच्या प्लॅनवर जाताना त्या दोन ओळी पुढच्या बिलात जाऊन बसतात. मग 22 सप्टेंबरला कार्डावरून एक पैसाही जात नाही. मालक खूश. 10 ऑक्टोबरला पुढच्या महिन्याचे 1500 आणि मागचे 540 मिळून 2040, कर धरून 2407 रुपये 20 पैसे जातात. ‘प्लॅन 1500 चा आणि कापले 2400’ ही तक्रार बहुतेकदा या पद्धतीतून जन्माला येते. त्यातली चीड मला समजू शकते. कंपनीने बटणाच्या शेजारीच ‘फरक पुढच्या बिलात’ असं लिहिलं असतं तर ती चीड आलीच नसती.

दुसऱ्या एका पद्धतीत बिलाची तारीखच बदलते. नवा महिना 22 सप्टेंबरलाच सुरू होतो. पूर्ण 1500 मधून जमेचे 360 वजा होऊन 1140, आणि करासह 1345 रुपये 20 पैसे त्या दिवशी जातात. पुढचं बिल 22 ऑक्टोबरला. रक्कम मोठी दिसते, पण ती 18 दिवसांची नसून पुढच्या पूर्ण महिन्याची असते. आपल्याकडे यातली कोणती पद्धत लागू झाली, हे ओळखायला पुढच्या बिलाची तारीख बघणं पुरेसं आहे.

अँड्रॉइड फोनवर गूगल प्लेमधून घेतलेल्या वर्गणीत तर पैशांऐवजी वेळच वळता केला जातो. ॲप बनवणाऱ्याने दुसरी पद्धत निवडली नसेल तर हीच लागू होते. जमेचे 360 रुपये मोठ्या प्लॅनच्या 50 रुपये रोजाने किती दिवस पुरतील? 7 दिवस आणि वर पाच तासांना थोडा कमी वेळ. म्हणून मोठा प्लॅन लगेच सुरू होतो, त्या दिवशी काहीच कापलं जात नाही, आणि 29 सप्टेंबरला दुपारी पूर्ण रक्कम जाते. ‘10 ऑक्टोबरचे पैसे 29 सप्टेंबरलाच कसे नेले?’ याचं उत्तर हे. ॲपलकडे मोठा प्लॅन लगेच सुरू होतो आणि जुन्याच्या उरलेल्या दिवसांचे पैसे परत दिले जातात. त्यामुळे तिथे कापलेली आणि परत आलेली अशा दोन नोंदींची बेरीज-वजाबाकी आपली आपणच करावी लागते.

हिशेब खऱ्या अर्थाने फसवतो तो सवलतीच्या महिन्यात. समजा, मालकांनी पहिला महिना अर्ध्या किमतीत, कर सोडून 300 रुपयांत घेतला होता. मग 18 दिवसांची जमा 360 होत नाही, 180 होते, कारण जमा होते ती दिलेल्या पैशांची. छापील किमतीची नव्हे. नव्या प्लॅनला ती सवलत लागू नसेल, तर फरक 540 ऐवजी 720 रुपये येतो. म्हणजे ज्याला स्वस्तात मिळालं त्याला बढती महाग वाटते. फुकटच्या चाचणी-काळात तर काही दिलेलंच नसतं, म्हणून जमाही काही नसते. यात लबाडी नाही, तरी सवलतीचा महिना संपायच्या आत प्लॅन वाढवायची घाई असेल तर आधी हा फरक बघून घ्यावा.

भारतात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे बँकेचा ई-मॅन्डेट. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे, तर ग्राहकाने आधी ओटीपीसारखी जादा पडताळणी करून परवानगी द्यावी लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी त्याला सूचना जावी लागते. जून 2022 पासून एका वेळी 15,000 रुपयांपर्यंतची अशी कपात दरवेळच्या ओटीपीशिवाय होऊ शकते. मात्र परवानगी देताना ठरलेली कमाल रक्कमही पाळावी लागते. स्टुडिओच्या मालकांची परवानगी 708 रुपयांचीच असेल, तर 1770 रुपयांचं नवं मासिक बिल तिच्यात बसत नाही. म्हणून प्लॅन वाढवताना पुन्हा ओटीपी येतो. तो आजच्या फरकासाठी असतो आणि पुढच्या परवानगीसाठीही.

नेमका घोटाळा होतो तो फरक पुढच्या बिलात ढकलला तर. नवी परवानगी 1770 पर्यंतची घेतलेली, आणि 10 ऑक्टोबरचं बिल 2407 रुपये 20 पैशांचं. बँक ते नाकारते. ग्राहकाच्या दृष्टीने खात्यात पैसे आहेत, कार्ड चालू आहे, प्लॅनही वाढलेला आहे, तरी ‘पेमेंट अयशस्वी’. अशा वेळी कार्ड बदलून काही होत नाही. बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर चालू मॅन्डेटची यादी असते, तिथे या सेवेसमोरची कमाल रक्कम बघावी आणि बिलाच्या रकमेशी ताडावी. बिल मोठं असेल तर ते एक बिल ओटीपी देऊन हाताने भरायचं. पुढचं 1770 चं बिल आपोआप जाईल.

प्लॅन कमी करताना मात्र बहुतेक कंपन्या हा सेकंदाचा हिशेब लावत नाहीत. कारण उघड आहे. मालकांनी दोन दिवसांसाठी मोठा प्लॅन घेतला, सगळे व्हिडिओ चढवून-उतरवून घेतले आणि परत साध्यावर आले, तर रोजच्या हिशेबाने त्यांना जास्तीचे पडतील फक्त 60 रुपये. म्हणून खाली येण्याचा बदल चालू महिना संपल्यावर लागू होतो, आणि तोवर मोठा प्लॅन चालू राहतो. एखादी कंपनी लगेच खाली आणते आणि जमाही देते. पण ती जमा सहसा कार्डावर परत येत नाही, त्या सेवेतल्या खात्यावर पडून राहते आणि पुढच्या बिलांतून वजा होत जाते. वर्षाचे पैसे आधी भरलेल्या माणसाने महिन्याच्या प्लॅनवर यायचं ठरवलं, तर त्याचे पुढचे कित्येक महिने शून्य रुपयांची बिलं येतात, आणि मध्येच सेवा बंद केली तर उरलेली जमा परत मिळेल की नाही हे त्या कंपनीच्या अटींवर अवलंबून असतं. त्या अटी बटण दाबण्यापूर्वी वाचायच्या असतात.