कृष्णविवराचे संथ बाष्पीभवन

कृष्णविवरात जे गेले ते परत येत नाही. प्रकाशही येत नाही. कृष्णविवराभोवतीच्या ज्या सीमेपलीकडून परतीची वाट उरत नाही, तिला घटनाक्षितिज म्हणतात. या व्याख्येप्रमाणे कृष्णविवर केवळ वाढू शकते, घटू शकत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली हेच गणिताने सिद्ध केले होते: घटनाक्षितिजाचे क्षेत्रफळ कधीही कमी होत नाही. आणि तीनच वर्षांनी, १९७४ साली, त्याच हॉकिंग यांनी कृष्णविवरातून उष्णता बाहेर पडते आणि ते हळूहळू आटत जाते, असे जाहीर केले.

या कोलांटउडीमागे एका विद्यार्थ्याचा हट्ट होता. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर यांच्या हाताखाली संशोधन करणारे जेकब बेकेनस्टाइन यांना एक प्रश्न सतावत होता. उष्ण वायूने भरलेली पेटी कृष्णविवरात टाकली, तर त्या वायूतील अव्यवस्था, म्हणजेच एन्ट्रॉपी, गेली कुठे? विश्वातील एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम. तो वाचवायचा तर कृष्णविवरालाच एन्ट्रॉपी असली पाहिजे आणि ती घटनाक्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असली पाहिजे, असे त्यांनी मांडले. हॉकिंग यांना हे मुळीच पटले नाही. त्यांचा आक्षेप रास्त होता. ज्या वस्तूला एन्ट्रॉपी आणि ऊर्जा आहे तिला तापमान असते, आणि तापमान असलेली वस्तू उष्णता बाहेर टाकते. कृष्णविवर तर काहीच बाहेर टाकत नाही! पण घटनाक्षितिजाजवळ क्वान्टम सिद्धान्ताचे नियम लावून त्यांनी स्वतः गणित केले, तेव्हा उत्तर नेमके बेकेनस्टाइन यांच्या बाजूने आले.

हे घडते कसे? क्वान्टम सिद्धान्तानुसार निर्वात पोकळी पूर्णपणे निश्चल नसते. तिथे सतत सूक्ष्म चलबिचल चालू असते. ती चित्ररूपाने सांगायची तर कणांच्या जोड्या क्षणभर जन्मतात आणि लगेच परस्परांत विलीन होतात. जोडीतील एकाची ऊर्जा धन, दुसऱ्याची ऋण. बेरीज शून्य, त्यामुळे निसर्गाच्या हिशेबात खोट येत नाही. एरवी ऋण ऊर्जेचा कण उसन्या पैशावर जगणाऱ्यासारखा असतो. उसनवारी लगेच फेडावी लागते, म्हणून तो टिकत नाही.

घटनाक्षितिजाच्या आत मात्र नियम बदलतात. तिथे अवकाश आणि काळ यांच्या भूमिकांची अदलाबदल होते, आणि दूरवरच्या निरीक्षकाच्या मोजणीत ज्याची ऊर्जा ऋण भरते असा कण आत खराखुरा अस्तित्वात राहू शकतो. त्यामुळे ऋण ऊर्जेचा कण आत गेला, तर त्याच्या जोडीदाराला विलीन होण्याचे कारण उरत नाही. तो धन ऊर्जा घेऊन दूर निघून जाऊ शकतो. दूरच्या निरीक्षकाला कृष्णविवरातून किरणोत्सर्ग होताना दिसतो. आत गेलेल्या ऋण ऊर्जेमुळे कृष्णविवराचे वस्तुमान तेवढ्याने घटते. म्हणजे आतून काही निसटलेले नसते. आत कर्ज जमा झालेले असते. १९७१ च्या सिद्धान्तात ऊर्जा ऋण असू शकत नाही असे गृहीत होते, म्हणूनच तो इथे लागू पडत नाही.

या चित्राबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. आत प्रतिकण पडतो आणि तो आतल्या पदार्थाला नष्ट करतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. कण आणि प्रतिकण दोघेही सारख्याच संख्येने बाहेर पडतात. शिवाय बाहेर येणारा बहुतेक ऐवज प्रकाशासारख्या वस्तुमानरहित कणांचा असतो. महत्त्व ऊर्जेच्या चिन्हाला आहे. दुसरे असे, की हे जोडीचे चित्र समजुतीपुरते आहे. मूळ गणितात कणांऐवजी लहरी आहेत. तारा कोसळून कृष्णविवर बनताना त्या लहरी ताणल्या जातात, आणि जी पोकळी पूर्वी रिकामी होती ती दूरच्या निरीक्षकाला नंतर कणांनी भरलेली दिसते.

लहरींचे हे चित्र एका गोष्टीसाठी अधिक उपयोगी आहे. बाहेर पडणाऱ्या लहरींची लांबी ढोबळमानाने कृष्णविवराच्या आकाराच्या प्रमाणात असते. कृष्णविवर मोठे तर लहर लांब, आणि लांब लहर म्हणजे कमी तापमान. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर भरेल. त्याच्या उत्सर्गातील लहरी दहापंधरा पट, म्हणजे काही दशक किलोमीटर लांबीच्या असतील, आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक कोटी साठ लाखाव्या हिश्श्याएवढेच असेल.

आता खरी अडचण येते. महास्फोटापासून उरलेल्या प्रारणामुळे सारे अवकाश आज सुमारे २.७ केल्विन तापमानाचे आहे. कृष्णविवर त्याहून कितीतरी थंड असल्याने ते देते त्यापेक्षा घेतेच अधिक. म्हणजे आज ज्ञात असलेले एकही कृष्णविवर आटत नाही. ती सारी वाढत आहेत. चंद्राएवढे वस्तुमान असलेले कृष्णविवर वाळूच्या बारीक कणाएवढे असेल, पण तेदेखील १.७ केल्विनच्या आसपास, म्हणजे अवकाशाहून थंडच राहील. सूर्याएवढ्या कृष्णविवराला आटण्यास सुरुवात करण्यासाठी विश्व आणखी काही शे अब्ज वर्षे थंडावत जाण्याची वाट पाहावी लागेल. त्यानंतर संपूर्ण आटण्यास लागणारा काळ म्हणजे एकावर ६७ शून्ये इतकी वर्षे. विश्वाचे आजचे वय १३.८ अब्ज वर्षे, म्हणजे एकावर जेमतेम दहा शून्ये.

चहाचा कप उष्णता गमावतो तसा थंड होतो. कृष्णविवराचे उलट आहे. ते ऊर्जा गमावते, लहान होते आणि म्हणून अधिक तापते. तापले की अधिक वेगाने गमावते. वस्तुमान निम्मे झाले की तापमान दुप्पट आणि उरलेले आयुष्य एक अष्टमांश होते. त्यामुळे जवळजवळ सारा काळ संथपणात जातो आणि शेवट स्फोटाचा असतो. अखेरच्या क्षणांत लाखो मेगाटन स्फोटकांएवढी ऊर्जा गॅमा किरण व अन्य कणांच्या रूपाने बाहेर पडावी. हॉकिंग यांच्या ‘नेचर’मधील पहिल्या लेखाच्या शीर्षकात स्फोट हाच शब्द होता, मात्र प्रश्नचिन्हासह. अगदी शेवटी नेमके काय उरते, हे सांगण्यास गुरुत्वाचा क्वान्टम सिद्धान्त हवा आणि तो अद्याप कोणापाशी नाही.

मग असा स्फोट दिसेल कुठे? महास्फोटानंतर लगेचच दाट पदार्थातून लहान कृष्णविवरे बनली असावीत, अशी कल्पना आहे. त्यांपैकी ज्यांचे वस्तुमान सुमारे ५० कोटी टन, म्हणजे एखाद्या टेकडीएवढे होते, ती आज आयुष्याच्या शेवटी पोहोचलेली असतील. एवढे वस्तुमान प्रोटॉनच्या आकारात कोंबलेले, आणि तापमान दोनशे अब्ज अंशांहून अधिक. २००८ साली सोडलेल्या फर्मी या उपग्रहाने गॅमा किरणांच्या अशा खुणा शोधल्या. त्या सापडल्या नाहीत. प्रयोगशाळेत मात्र एक नक्कल साधली आहे. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेत जेफ स्टाइनहाउअर यांनी अतिशीत रुबिडियम अणूंचा प्रवाह ध्वनीपेक्षा वेगाने वाहवून ध्वनीसाठी क्षितिज निर्माण केले. २०१६ साली त्यांनी त्या क्षितिजाच्या दोन्ही बाजूंच्या ध्वनिकंपनांत जोडीदारांचा संबंध आढळल्याचे, आणि २०१९ साली त्या उत्सर्गाचे तापमान गणिताशी जुळल्याचे प्रसिद्ध केले. हे ध्वनीचे क्षितिज आहे, गुरुत्वाचे नव्हे. खऱ्या कृष्णविवराचा किरणोत्सर्ग अद्याप कोणीही मोजलेला नाही.