बंदुकीचा बार आणि सिनेमातलं ‘फुस्स’

‘जॉन विक : चॅप्टर 2’ या 2017 सालच्या हॉलिवूडपटात एक प्रसंग आहे. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रेल्वे स्थानकात दोन मारेकरी गर्दीतून चालता चालता कोटाच्या आडून एकमेकांवर गोळ्या झाडतात. दोघांच्याही पिस्तुलांना सायलेन्सर लावलेला असतो. दर गोळीला नुसतं ‘फुस्स’ होतं आणि शेजारून जाणारा एकही प्रवासी मान वळवून बघत नाही. प्रसंग रंगतो, पण तो घडणं शक्य नाही. त्या जातीच्या पिस्तुलाला उत्तम सायलेन्सर लावला, तरी पहिल्याच बाराला सगळं स्थानक दचकलं असतं.

हे उपकरण 1909 साली अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बाजारात आणलं. हायरम हे मशिनगन बनवणाऱ्या मॅक्सिम यांचे चिरंजीव. मोटारीच्या इंजिनाचा आवाज कमी करण्यावरही त्यांनी काम केलं होतं आणि दोन्हीकडचं तत्त्व एकच होतं. आज जाणकार या उपकरणाला सप्रेसर म्हणतात.

सप्रेसर नेमकं काय करतो हे कळायला आधी बार का होतो ते पाहावं लागेल. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि तिचा तप्त वायू होतो. तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलत नेतो. गोळी नळीच्या तोंडातून सुटते तेव्हाही तिच्यामागच्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. रायफलीत तर तो शेकडो पट भरतो. एवढा वेळ गोळीने बुचासारखं तोंड बंद केलेलं असतं. ते उघडताच वायू एका झटक्यात बाहेर पडतो, भोवतालच्या हवेला धडक देतो आणि कान बधिर करणारा दणका होतो. सोड्याची बाटली हलवून झाकण एकदम उघडलं तर जे होतं, तोच हा प्रकार. झाकण हळूहळू सैल केलं, तर तेवढाच वायू सुस्कारा टाकत निघून जातो.

सप्रेसर हे झाकण सैल करण्याचं काम करतो. नळीच्या पुढे बसवलेल्या या नळकांड्यात एकामागोमाग एक पडदे असतात आणि त्यांच्या मधोमध गोळीपुरतं भोक असतं. गोळी सरळ निघून जाते. मागचा वायू मात्र पडद्यांमधल्या कप्प्यांत शिरतो, पसरतो, घुसळतो आणि आपली उष्णता धातूला देऊन थंड होतो. शेवटी तो बाहेर पडतो तेव्हा त्याचा दाब उतरलेला असतो आणि बाहेर पडायला त्याला जास्त वेळ लागतो. दणका बोथट होतो, पण नाहीसा होत नाही. गोळीला वाट हवी म्हणून मधलं भोक उघडंच ठेवावं लागतं आणि काही वायू त्याच वाटेने गोळीच्या पाठोपाठ निसटतो.

आता थोडा हिशेब. रायफलीच्या तोंडाजवळ बाराचा आवाज 160 डेसिबलच्या घरात किंवा त्याहून वर असतो. चांगला सप्रेसर त्यातले साधारण 30 डेसिबल कमी करतो. 160 मधून 30 गेले म्हणजे फार काही कमी झालं नाही असं वाटेल, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. 30 डेसिबलची घट म्हणजे ध्वनिलहरीचा दाब जवळजवळ बत्तिसाव्या हिश्शावर येतो. उपकरणाच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच. तरीही उरलेल्या 130 डेसिबलची तुलना आपल्या रोजच्या बोलण्याशी करा. बोलणं असतं साधारण 60 डेसिबलचं. म्हणजे सप्रेसर लावलेल्या बाराचा दाब बोलण्याच्या आवाजाच्या दाबापेक्षा तीन हजार पटींहून जास्त राहतो. सिनेमातल्या ‘फुस्स’पर्यंत पोचायचं तर मूळ दाब एक लाखाव्या हिश्शावर आणावा लागेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बार काही हजारांश सेकंदांचा असतो आणि इतक्या क्षणिक आवाजाचा मोठेपणा आपल्या कानाला पुरता जाणवत नाही. त्यामुळे सप्रेसरचा बार ऐकणाऱ्याला आकडा सांगतो त्यापेक्षा सौम्य वाटतो. पण कानाला इजा होते ती दाबामुळे. वाटण्याशी तिचा संबंध नाही.

हे झालं वायूच्या दणक्याचं. गोळीचा स्वतःचा आवाज वेगळाच असतो आणि त्याला सप्रेसर हातही लावू शकत नाही. साधारण 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. त्याहून वेगाने जाणारी गोळी हवेत आपल्यामागे शंकूच्या आकाराची धक्कालहर ओढत नेते. ही लहर ज्याच्या कानावरून जाते त्याला चाबूक कडाडल्यासारखा ‘कट्’ असा आवाज येतो. तो नळीच्या तोंडाशी एकदा होऊन संपत नाही. वेग टिकून आहे तोवर गोळीच्या वाटेवर सगळीकडे तो होत राहतो. मागे बंदुकीला काहीही लावलं तरी पुढे उडणाऱ्या गोळीला त्याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली .303 ली-एनफील्ड रायफल उदाहरणाला घेऊ. तिची गोळी सेकंदाला सुमारे 740 मीटर वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून वेगाने. 300 मीटरवर गोळीच्या वाटेशेजारी कुणी उभा असेल, तर गोळी अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापाशी पोचते आणि तो ‘कट्’ ऐकतो. नळीच्या तोंडाचा ‘धाड’ त्याला त्यानंतर साधारण 0.4 सेकंदाने ऐकू येतो. मुरलेले सैनिक या दोन आवाजांमधल्या अंतरावरून बंदूक किती लांब आहे याचा अंदाज बांधतात आणि दिशा ठरवतात ती दुसऱ्या आवाजावरून. सप्रेसर लावला की हा दुसरा आवाज दबतो. पहिला तसाच राहतो, पण तो गोळीच्या वाटेवरून, बाजूने आल्यासारखा वाटतो. गोळी झाडली हे सगळ्यांना कळतं. कुठून झाडली ते कळत नाही. सैन्याला सप्रेसरचा मोठा उपयोग आहे तो यासाठी.

मग खरोखर शांत बंदूक होऊच शकत नाही का? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कमांडोंसाठी तशी एक बनवली. विल्यम गॉडफ्रे डी लिल यांच्या नावाने ती डी लिल कार्बाइन म्हणून ओळखली जाते. अशा जवळजवळ 130 बंदुका तयार झाल्या. मजा म्हणजे तिचा सांगाडा याच ली-एनफील्डचा होता. बदलल्या त्या बाकीच्या गोष्टी, आणि शांततेची किंमत काय हे त्यातूनच दिसतं.

पहिला बदल गोळीत. .303 ऐवजी .45 या पिस्तुलाच्या काडतुसाची जड, बोथट गोळी घेतली. तिचा वेग सेकंदाला जेमतेम 250 मीटर, म्हणजे आवाजापेक्षा कमी. धक्कालहर मुळातच उठत नाही. या काडतुसात दारूही थोडी असते, त्यामुळे वायू कमी निघतो. दुसरा बदल सप्रेसरच्या आकारात. नळी आखूड केली आणि तिच्याभोवती व पुढे लांबलचक, जाड सप्रेसर चढवला. थोड्या वायूला भरपूर जागा मिळाली. तिसरी गोष्ट बदलावी लागली नाही, कारण ती ली-एनफील्डमध्ये होतीच. तिचा खटका हाताने मागे ओढून रिकामी पुंगळी काढावी लागते. पहिला बार झाल्यावर बंदुकीत आपोआप काहीही हलत नाही.

ही बंदूक आजही जगातल्या सर्वांत शांत बंदुकांत गणली जाते. गोळी झाडण्यापेक्षा खटका मागे-पुढे करण्याचा आवाज जास्त होतो, असं ती वापरणारे सांगतात. पण तिच्या गोळीची ऊर्जा .303 च्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी असते. गोळी मंद असल्याने दूरवर जाताना ती झपाट्याने खाली झुकते. रायफलीचा सांगाडा घेऊन पल्ला मात्र पिस्तुलाच्या जातीचा मिळाला. लपून जवळून मारा करायला ती उत्तम, उघड्या रणांगणावर कुचकामी.

डी लिलमधला हा तिसरा मुद्दा सिनेमावाले हमखास विसरतात. स्वयंचलित पिस्तुलात दर बारागणिक वरचा धातूचा भाग खणखणत मागे जातो आणि पुढे येतो. पुंगळी बाहेर फेकली जाते त्या खिडकीतून थोडा वायूही नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. सप्रेसर पुढची वाट अडवतो तेव्हा या मागच्या वाटेने येणारा वायू उलट वाढतो. रिव्हॉल्व्हरची गत तर आणखी वाईट. गोळ्यांचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि बाराचा वायू तिथूनच फुटतो. चक्र पुढे सरकवून ही फट बुजवणारं रशियन नागां रिव्हॉल्व्हर हा ठळक अपवाद. बाकी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला पडद्यावर दिसला, की दिग्दर्शकाने कुणा जाणकाराला विचारलेलं नाही असं खुशाल समजावं.

तापमानही खोड्या काढतं. हवा गार झाली की आवाजाचा वेग कमी होतो. 40 अंशांना तो सेकंदाला साधारण 355 मीटर असतो, उणे 20 अंशांना 319 च्या आसपास. सेकंदाला 330 मीटर जाणारी गोळी उन्हाळ्यात गुपचूप जाते आणि कडाक्याच्या थंडीत कडाडते. म्हणून शांत काडतुसं बनवणारे वेग हातचा राखूनच ठेवतात.

आणखी एक गोष्ट सप्रेसर वापरणाऱ्यांना हटकून आढळते. पहिला बार पुढच्या बारांपेक्षा मोठा होतो. नळकांड्यात आधीपासून साधी हवा भरलेली असते. तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे न जळलेला तप्त वायू आतच पेट घेतो आणि छोटासा जादा स्फोट होतो. दुसऱ्या बाराच्या वेळी आतला ऑक्सिजन संपत आलेला असतो. सिनेमातला मारेकरी एकच गोळी झाडून निघून जातो. प्रत्यक्षात तीच सगळ्यांत मोठ्याने वाजते.

फिनलंड, नॉर्वे, न्यूझीलंडसारख्या देशांत शिकारी सर्रास सप्रेसर वापरतात, ते स्वतःचे आणि सोबतच्या कुत्र्याचे कान वाचावेत आणि शेजारच्या वस्तीला त्रास कमी व्हावा म्हणून. क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेषा 140 डेसिबलला धरतात. सप्रेसर बहुतेक वेळा बार त्या रेषेच्या थोडा खाली आणतो, शक्तिशाली रायफलीत तेवढंही जमेलच असं नाही. शिवाय कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशींमुळे ऐकू येतं, त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. म्हणून समजूतदार नेमबाज सप्रेसर लावलेला असतानाही कानावर मफ चढवतो, आणि ते योग्यच आहे.