राष्ट्रीय कीर्तनाचा संगीतशास्त्रीय अभ्यास

राष्ट्रीय कीर्तन हा नारदीय कीर्तनाच्या चौकटीत देश आणि समाज या विषयांचे निरूपण करणारा मराठी कीर्तनप्रकार आहे. तो लोकमान्य टिळकांच्या काळात रूढ झाला. डॉ. दत्तोपंत पटवर्धन हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. अमेरिकन संगीत-अभ्यासक ॲना शुल्झ यांनी पुण्यात क्षेत्रकार्य करून या प्रकारावर लेखन केले. त्यांचा शोधनिबंध ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या नियतकालिकात २००८ मध्ये, तर ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रकारनिश्चिती

केवळ पदावरून सादरीकरणाचा प्रकार ठरत नाही. एकच अभंग दिंडीत, वारकरी कीर्तनात, नारदीय कीर्तनात आणि मैफलीतही गायला जातो. फरक गाणाऱ्यांच्या नात्यात असतो. वारकरी कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी चाल उचलून धरतात व निरूपण एका अभंगाभोवती फिरते. नारदीय कीर्तनात हार्मोनियम व तबल्याच्या साथीने एकटा कीर्तनकार गातो, बोलतो आणि आख्यान रंगवतो. मैफलीत श्रोते प्रायः केवळ ऐकतात. म्हणून कोण आरंभ करतो, कोण साथ देतो आणि श्रोत्यांचा आवाज केव्हा मिसळतो, यांची नोंद शोधनिबंधात आवश्यक ठरते.

नोंदीची पद्धत

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन मुख्य भाग असतात. पूर्वरंगात मूळ पदाचे तात्त्विक निरूपण, तर उत्तररंगात त्याला पूरक आख्यान येते. दोहोंच्या मधल्या विरामात कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात आणि सामूहिक भजन होते. ध्वनिमुद्रण ऐकताना मिनिटांनुसार भाषण, एकट्याचे गायन व समूहगायन असे रकाने भरल्यास ही रचना स्पष्ट दिसते. ध्वनिमुद्रक केवळ कीर्तनकाराजवळ ठेवल्यास श्रोत्यांचा आवाज क्षीण येतो आणि सामूहिक सादरीकरण एकल गायन भासते. यासाठी दुसरा ध्वनिमुद्रक श्रोत्यांमध्ये ठेवणे इष्ट असते.

शुल्झ यांची मांडणी

राष्ट्रीय कीर्तनात राजकीय वक्तृत्व आणि भजन हे दोन भिन्न प्रकार एकत्र येतात. वक्तृत्व ऐकणारा श्रोता नामघोषात स्वतः गाऊ लागतो. टाळ्या आणि सहगायन यांमुळे तो सादरीकरणाचा सहभागी होतो व राष्ट्रवादी आशयाला भक्तीचा अनुभव जोडला जातो. केवळ आख्यानाची संहिता वाचून ही प्रक्रिया उमगत नाही.

मर्यादा

सहगायन म्हणजे कीर्तनकाराच्या राजकीय मताला संमती, असे गृहीत धरता येत नाही. एखादा श्रोता सवयीने किंवा केवळ भक्तिभावाने नामघोष करीत असतो. त्यामुळे श्रोत्यांच्या स्वतंत्र मुलाखती आवश्यक असतात. तसेच, एका कीर्तनकारावरून किंवा एका शहरातील नोंदींवरून सर्व मराठी कीर्तनाविषयी निष्कर्ष काढणे सदोष ठरते.