दोन लाख फायली आणि मामांचे लेख

मामांचा लॅपटॉप फार हळू चालायला लागला म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला. दुकानात विंडोज नव्याने टाकताना डी ड्राइव्हही साफ झाला. त्यात 2008 ते 2014 मध्ये कॅमेऱ्याने काढलेले तीनेक हजार फोटो होते आणि दिवाळी अंकांसाठी लिहिलेले चाळीसएक लेख. लॅपटॉप घरी आल्यावरही मामांनी तो आठवडाभर वापरला. मग माझ्याकडे आला. मी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, सापडेल ते वेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगून फोटोरेक हा मोफत प्रोग्राम रात्री चालू केला आणि झोपलो. सकाळी आकडा होता 2,14,387. फोनवर मामा खूश. "अरे, एवढं मी आयुष्यात कधी लिहिलं?"

लिहिलं नव्हतंच. एवढ्या फायली कुठून आल्या हे कळल्याशिवाय त्यातून काही निवडता येत नाही, म्हणून आधी ते पाहू.

डिस्कवर दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक नोंदवही, जिच्यात फाइलचं नाव, तारीख आणि ती डिस्कवर कुठे कुठे ठेवली आहे ते लिहिलेलं असतं. दुसरी प्रत्यक्ष जमीन, जिच्यावर फाइलचा मजकूर पडलेला असतो. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फक्त नोंदीवर रेघ मारली जाते. झटपट फॉरमॅट केलं की कोरी नोंदवही उघडली जाते. जमीन कुणी नांगरत नाही. तिथे नवीन काही येऊन बसेपर्यंत जुनं तसंच राहतं.

त्यामुळे शोधायच्या रीतीही दोन. पहिली रीत जुन्या नोंदवहीची पानं धुंडाळते. नोंद मिळाली तर फाइल नावासकट, फोल्डरसकट मिळते. दुसरी रीत नोंदवहीकडे पाहतच नाही. ती जमीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते आणि ओळखीच्या खुणा शोधते. जेपीजी फोटोची सुरुवात नेहमी FF D8 FF या बाइट्सनी होते, पीडीएफची %PDF ने, वर्डच्या docx ची PK या अक्षरांनी. खूण दिसली की इथे फाइल सुरू झाली असं धरायचं आणि पुढे उचलत जायचं. फोटोरेक हे असं करतो. म्हणून त्याच्या फायलींना नाव नसतं. f8412672.jpg यातला आकडा म्हणजे डिस्कवरच्या ज्या सेक्टरपाशी ती फाइल सापडली त्याचा क्रमांक. सगळा ढीग recup_dir.1, recup_dir.2 अशा फोल्डरांत साधारण पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांनी टाकलेला असतो. माझ्याकडे असे चारशेहून जास्त फोल्डर झाले होते.

खूण शोधणाऱ्याला फाइल कुणाची हे कळत नाही. विंडोजच्या स्वतःच्या हजारो फायली त्यात येतात. सहा वर्षांत पाहिलेल्या वेबसाइटींची बटणं, जाहिराती, बातम्यांतले फोटो ब्राउझरने गुपचूप साठवलेले असतात, तेही येतात. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोच्या पोटात एक छोटी प्रतिमा असते, बहुधा 160 बाय 120 ठिपक्यांची. फोटोरेक तीही वेगळी काढून तिच्या नावाआधी f ऐवजी t लावतो. आणि वर्डमध्ये सेव्ह केलं की बहुधा जुन्या जागेवर लिहिलं जात नाही, नवी प्रत नव्या जागी तयार होते. एकच लेख दहा वेळा सेव्ह केला असेल तर डिस्कवर त्याच्या दहा पिढ्या सापडू शकतात. दोन लाखांच्या यादीत मामांचं सामान असं पसरलेलं होतं.

आधी मी नोंदवही वाचणारा एक प्रोग्रामही चालवून पाहिला होता. त्याने नऊशेएक फोटो खऱ्या नावांनी दाखवले आणि बहुतेकांपुढे हिरवा ठिपका, म्हणजे स्थिती उत्तम. त्यातले निम्मे उघडलेच नाहीत. या हिरव्या ठिपक्याचा अर्थ समजून घ्यायला हवा, कारण लोक त्यावरच फसतात. प्रोग्राम फक्त एवढंच पाहतो की जुन्या फाइलच्या जागेवर आज कुणी राहतंय का. मामांच्या डिस्कवर नवीन विंडोज टाकताना ड्राइव्हांची वाटणी बदलली होती, पुढच्या आठवडाभरात अपडेट आले, तात्पुरत्या फायली बनल्या आणि पुसल्या गेल्या. त्या येऊन, जुनं चिरडून, निघूनही गेल्या. आज ती जागा रिकामी दिसते म्हणून ठिपका हिरवा. मजकूर कुणी वाचून पाहिलेलाच नसतो.

एसएसडी असेल तर हे आणखी टोकाला जातं. तिथे फाइल पुसल्यावर विंडोज ट्रिम नावाची सूचना पाठवतं, आणि त्यानंतर त्या जागेवरून वाचलं तर बहुधा निव्वळ शून्यं परत येतात. यादीत नाव, तारीख, आकार सगळं बरोबर, पण फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 00 00 00. अशा दोन-तीन मोठ्या फायली आधी तपासाव्यात. सगळ्याच शून्यांच्या निघाल्या तर पुढची रात्र जागण्यात अर्थ नाही. मामांची डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची होती, म्हणून आशा होती.

आता गाळणी. दोन लाखांत जेपीजी होते 61,240. मी आधी t ने सुरू होणारे बाजूला काढले, मग 300 केबीपेक्षा लहान असलेले. ही हद्द मनाने ठरवू नये. त्याच कॅमेऱ्याचा कुणाकडे मेल केलेला किंवा सीडीवर टाकलेला एखादा मूळ फोटो मिळवून त्याचा आकार पाहावा. मामांचे फोटो दोन ते चार एमबीचे होते, म्हणून 300 केबी हे सुरक्षित अंतर. उरले साडेआठ हजार. त्यानंतर एक्झिफटूल या प्रोग्रामला विचारलं की कोणत्या फोटोत कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं आहे, आणि तेवढेच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले:

```
exiftool -r -ext jpg -if "$Model" -directory=E:/nivad .
```

ही माहिती कॅमेरा फोटोच्या आतच लिहितो, त्यामुळे बाहेरचं नाव गेलं तरी ती टिकते. काढल्याची तारीखही तिथेच असते. या एका ओळीने वेबसाइटींचा जवळजवळ सगळा कचरा गेला आणि 3,406 फोटो राहिले. पण या गाळणीला एक मोठं भोक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतून ही माहिती काढून टाकलेली असते, आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत कॅमेरा नसतोच. मामींच्या आईचा एकमेव फोटो स्कॅन केलेला होता. तो उरलेल्या पाच हजारांत डोळ्यांनी शोधावा लागला. म्हणून गाळलेलं पुसू नये, बाजूला ठेवावं.

तंतोतंत सारख्या प्रती काढल्यावर 2,871 राहिले. आता खरा प्रश्न, यातले शाबूत कोणते?

फोल्डर उघडला तर सगळेच छान दिसत होते. हा दुसरा सापळा. फोल्डरमध्ये दिसणारं छोटं चित्र अनेकदा फोटोच्या पोटातल्या त्या छोट्या प्रतिमेवरून काढलेलं असतं, आणि ती फाइलच्या अगदी सुरुवातीला असते. मुख्य फोटो निम्म्यावर तुटलेला असला तरी ती धडधाकट राहते. म्हणून फोटो पूर्ण उघडूनच पाहावा लागतो, आणि तीन हजार फोटो उघडणं एका माणसाचं काम नाही. त्यासाठी जेपीईजीइन्फो हा छोटा प्रोग्राम आहे:

```
jpeginfo -c *.jpg
```

तो प्रत्येक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून पाहतो आणि पुढे OK, WARNING किंवा ERROR लिहितो. 2,690 फोटोंपुढे OK आलं. उरलेले 181 मी डोळ्यांनी पाहिले, आणि त्यात बिघाडाचे दोन प्रकार स्पष्ट दिसले. काहींत वरचा भाग नीट आणि खाली सपाट करडा रंग. तिथून पुढचा मजकूर मिळालेलाच नाही. काहींत एका आडव्या रेषेनंतर चित्र बाजूला सरकलेलं आणि चेहरे हिरवे-जांभळे. जेपीजीत प्रत्येक छोट्या चौकोनाची छटा स्वतंत्र लिहिलेली नसते. आधीच्या चौकोनापेक्षा किती उजळ वा किती गडद, एवढंच लिहिलेलं असतं. मध्ये परका तुकडा घुसला की हिशेब तिथे चुकतो आणि चूक शेवटपर्यंत पुढे जाते. परका तुकडा घुसतो याचं कारण मोठी फाइल डिस्कवर नेहमी सलग असतेच असं नाही. दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असू शकते, आणि नोंदवहीशिवाय पुढचा तुकडा कुठे आहे हे खूण शोधणाऱ्याला कळत नाही. चाळीसएक फोटोंत माणसं करड्या भागाच्या वर होती, ते कापून ठेवले. OK म्हटलेल्यांवरही मी एकदा झरझर नजर फिरवली. तीन चुकीचे निघाले.

लेखांचं काम सोपं असेल असं वाटलं होतं. docx फाइल म्हणजे आतून झिपची गाठोडी असते आणि आतल्या प्रत्येक वस्तूसोबत तिची सीआरसी ही तपासणी-संख्या बांधलेली असते. सेव्हन-झिपमध्ये फाइलवर Test दिलं की मजकुरावरून ती संख्या पुन्हा काढून जुळवली जाते. फोटोंपेक्षा हा निकाल कितीतरी भरवशाचा. गाठोडी फाटलेली निघाली तरी आतली word/document.xml ही एक वस्तू शाबूत असेल तर लेखाचा मजकूर वाचतो, फक्त चित्रं जातात. जुन्या doc फायलींत मात्र अशी सोय नाही. त्या उघडूनच पाहाव्या लागतात.

त्या उघडल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या घातलेली चिन्हं असला गचका. पंधरा-वीस पाहून मी त्या बिघडलेल्यांत टाकल्याही होत्या. मग लक्षात आलं की परिच्छेद जागच्या जागी आहेत, शीर्षक ठळक आहे, शब्दांमधली अंतरं नीट आहेत. बिघडलेली फाइल इतकी शिस्तीत बिघडत नाही. वर फॉन्टच्या चौकटीत SHREE-DEV असं काहीतरी होतं. मामा श्रीलिपीत टाइप करायचे. तो फॉन्ट माझ्या संगणकावर नव्हता, एवढंच. युनिकोडच्या आधीच्या अशा फॉन्टांत 'पंढरपूर' हा शब्द डिस्कवर रोमन अक्षरांच्या खुणांनी लिहिलेला असतो. त्यामुळे फायलींच्या आत 'पंढरपूर' शोधून मला काही मिळालं नव्हतं, हेही तेव्हा उलगडलं. मग मामांकडून त्यांच्या एका जुन्या छापील लेखाचं पहिलं वाक्य घेतलं, ते त्या फॉन्टमध्ये कसं दिसतं ते पाहिलं आणि तो गचकाच शोधाला दिला. भराभर फायली निघाल्या. चाळीसपैकी चौतीस लेख मिळाले.

एका लेखाच्या चौदा प्रती होत्या, सगळ्या शाबूत. फाइलमध्ये शेवटचं सेव्ह केल्याची तारीख असते, तिच्यावरून मी सर्वांत नवी प्रत काढून मामांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा चढवला, दोन पानं वाचली आणि म्हणाले, "ही नको रे. ही संपादकांनी कापायला लावलेली. हिच्या आधीची दे."