मिक्सिंगच्या टेबलावर वायर का टिकून आहे?

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज आधी कॉम्प्रेस होतो, मग बफरमध्ये थांबतो आणि त्यानंतर कानी पडतो. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर या प्रवासाला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर तबला वाजवणाऱ्याला स्वतःची थाप २०० मिलिसेकंद उशिरा ऐकू आली, तर लय सुटणारच. सॉफ्टवेअर हा उशीर भरून काढते, असा आक्षेप येतो. व्हिडिओ पाहताना तो खरा आहे, कारण चित्र तेवढे थांबवता येते. वाजणारा हात थांबवता येत नाही.

उशीर कमी केला, तरी कोडेकने गाळलेले तपशील परत येत नाहीत. ९९० किलोबिटचा एलडीएसीही थोडे गाळतोच, शिवाय अनेक इअरबड स्वतःचा इक्यू चढवतात. मग रिव्हर्बची विरत जाणारी शेपटी मिक्समुळे तुटली की हेडफोनमुळे, हे ठरवता येत नाही. मात्र तयार मिक्स वायरलेसवर जरूर तपासावे. असंख्य श्रोते तेच वापरतात, आणि त्यांच्या कानात गायकाचे शब्द बासखाली दबतात का, हे तिथेच कळते.