विरघळणारा चोथा, न विरघळणारा चोथा

वनस्पतिजन्य अन्नातला जो भाग माणसाचे पाचकरस लहान आतड्यात फोडू शकत नाहीत, त्याला चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतात. त्याचे दोन प्रकार सांगितले जातात आणि घरी ते सहज पाहता येतात. चमचाभर मेथीदाणे रात्री वाटीभर पाण्यात भिजत घातले, तर सकाळी दाणे फुगून पाणी बुळबुळीत झालेले असते. गव्हाचा जाड कोंडा तसाच भिजवला, तर तो मऊ होतो आणि तळाशी बसतो. पाणी मात्र होते तसेच पातळ राहते. मेथीत विरघळणारा चोथा भरपूर असतो, तर कोंड्यातला बहुतेक चोथा न विरघळणारा असतो.

न विरघळणारा चोथा म्हणजे मुख्यतः धान्याची साल, डाळीचे टरफल आणि भाजीतल्या शिरा. विरघळणारा चोथा मेथीदाण्यात, इसबगोलात, भेंडीच्या चिकटपणात, पेरूच्या गरात आणि डाळी-कडधान्यांच्या दळात असतो. कोणत्याही एका पदार्थात सहसा दोन्ही प्रकार असतात, फक्त प्रमाण वेगळे असते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ते 11 ग्रॅम चोथा असतो आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग न विरघळणारा असतो. बाजरीत विरघळणारा भाग इतर दोघींपेक्षा थोडा जास्त असतो, इतकेच.

‘न विरघळणारा पोट साफ करतो, विरघळणारा साखर आवरतो’ हे सूत्र सर्वत्र ऐकू येते. ते लक्षात ठेवायला सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. आतड्यात काय घडते ते चोथा विरघळतो की नाही यावर तितके ठरत नाही. तो पाणी धरून घट्ट होतो का, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला खाऊन टाकतात का, या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

आधी मळाचे पाहू. कोंड्याचे जाड कण मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ तसेच पोहोचतात, आतल्या अस्तराला घासतात आणि त्यामुळे अस्तरातून पाणी व श्लेष्म सुटते. मळाचे आकारमान वाढते आणि तो लवकर पुढे सरकतो. हा परिणाम कणाच्या जाडीवर अवलंबून असतो. तोच कोंडा अगदी बारीक दळला तर घासण्याचे काम होत नाही, उलट काही वेळा मळ अधिक कोरडा होतो. म्हणून बद्धकोष्ठाची तक्रार असेल तर भाकरीचे पीठ मैद्यासारखे बारीक दळून आणि वर चाळून घेण्यात फारसा अर्थ नाही.

इसबगोल विरघळणाऱ्या गटातला असूनही मळावर उत्तम काम करतो, कारण जिवाणू त्याला फारसे खात नाहीत. त्याने धरलेले पाणी शेवटपर्यंत टिकते. म्हणूनच तो कडक मळ मऊ करतो आणि पातळ शौचाला घट्टपणाही आणतो. पेरूतले पेक्टिन किंवा कडधान्यातला बराचसा विरघळणारा चोथा जिवाणू आंबवून संपवतात. त्यातून जिवाणूंची वाढ होते, काही उपयुक्त आम्ले तयार होतात आणि वायूही होतो, पण धरलेले पाणी मात्र सुटून जाते.

रक्तातल्या साखरेच्या बाबतीत घट्टपणाच निर्णायक ठरतो, हे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवले. त्यांनी ग्लुकोजच्या द्रावणाबरोबर वेगवेगळे तंतुमय पदार्थ देऊन रक्तशर्करा मोजली. सर्वांत जास्त फरक ग्वार गमने पडला. हा गम गवारीच्या पक्व बियांपासून काढतात. मग त्याच ग्वारचे रेणू तोडून त्याचा चिकटपणा घालवला, तर तो परिणामही गेला. घट्ट रस पोटातून सावकाश पुढे जातो आणि त्यातली साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. साखर शोषली जाते, पण तिचा चढ बुटका होतो. घरची गवारीची भाजी कोवळ्या शेंगांची असते आणि गम जून बियांत भरतो, त्यामुळे त्या भाजीकडून या प्रयोगाइतकी अपेक्षा ठेवू नये.

कडधान्यांना मात्र आणखी एक बाजू आहे. मटकी किंवा अख्खे मूग शिजले तरी दाण्यातल्या पेशींच्या भिंती बऱ्याच प्रमाणात शाबूत राहतात आणि स्टार्च त्यांत कोंडलेला असतो. पाचकरस तिथे हळूहळू पोहोचतात. शिवाय पहिल्या जेवणातली डाळ-कडधान्ये पुढच्या जेवणानंतरचा साखरेचा चढही काहीसा कमी करू शकतात.

एक रोजचे जेवण घेऊ. 60 ग्रॅम तांदळाचा भात, 25 ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि 100 ग्रॅम बटाट्याची भाजी यांतून एकूण सुमारे 6 ग्रॅम चोथा मिळतो. त्याऐवजी 40 ग्रॅम पिठाची एक अशा दोन ज्वारीच्या भाकरी, 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि 100 ग्रॅम भेंडीची भाजी घेतली, तर बेरीज 16 ते 17 ग्रॅम होते. प्रौढाने दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा खावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या एकाच ताटात त्याचा अर्ध्याहून अधिक भाग आला.

पण पिष्टाकडेही पाहायला हवे. दोन भाकरींत 50 ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात, म्हणजे त्या भातापेक्षा कमी नाहीत. ज्वारीतला चोथा मुख्यतः न विरघळणारा, आणि पीठ दळलेले. त्यामुळे ‘भाकरीने साखर वाढत नाही’ हा समज मधुमेह्यांना महागात पडतो. या ताटात साखर सावरण्याचे काम भाकरीपेक्षा उसळ जास्त करते. एक भाकरी कमी करून उसळीची वाटी मोठी करणे, हा बदल बहुधा अधिक कामाचा ठरतो. ग्लुकोमीटर असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी, जेवणाआधी आणि दोन तासांनी मोजून दोन्ही ताटांतला फरक पाहता येतो.

सालीचाही हिशेब मोठा आहे. 100 ग्रॅम अख्ख्या मुगात सुमारे 17 ग्रॅम चोथा असतो, तर साल काढलेल्या मूगडाळीत साधारण 9. म्हणजे उसळीऐवजी पिवळ्या डाळीचे वरण केले की जवळजवळ निम्मा चोथा जातो. पॉलिश केलेल्या वरईचेही तसेच. साल उतरली की भरडधान्याचे नाव उरते, कोंडा उरत नाही.

6 ग्रॅमवरून एकदम 17 वर उडी मारली की पोट फुगते. यात बराचसा वाटा कडधान्यातल्या रॅफिनोज गटातल्या शर्करांचा असतो. भिजवलेले पाणी फेकून दिल्याने आणि मोड आणल्याने त्या कमी होतात. तरीही दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत गेलेले बरे. पाणी कमी पिऊन चोथा वाढवला तर मळ अधिक घट्ट बसू शकतो. इसबगोल कोरडा कधीच गिळू नये, तो घशात अडकतो. तो पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा. औषधे शोषली जाण्यात तो अडथळा आणू शकतो, म्हणून गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचे अंतर ठेवतात.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना आहार एकदम बदलला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, तेव्हा डोस डॉक्टरांना विचारून बदलावा. आतडे अरुंद झालेल्यांना किंवा पोट सावकाश रिकामे होणाऱ्या मधुमेह्यांना जाड चोथा त्रास देतो. आणि मळातून रक्त पडत असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, तर कोंडा वाढवून वाट पाहत बसण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.